क्राउच स्टार्ट शिकवताना नेहमी येणारे प्रश्न : सेटची पोझिशन, कोन अन् पहिली चार पावलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सकाळ-संध्याकाळ पोट्ट्यांना पळायला शिकवतो. शाळेचं मैदान मुरमाचं, कडेला काळी माती, ट्रॅक नाही, चुना सापडला तर रेषा नाहीतर काठीनं ओढलेली रेघ. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की आजूबाजूच्या गावचे सर लोक अन् पालक फोन करून क्राउच स्टार्टबद्दल, म्हणजे दोन्ही हात जमिनीला टेकून वाकून घ्यायच्या स्टार्टबद्दल, तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नवशिक्यांपुरतंच लिहिलंय, ज्यांच्याकडे स्पाइक्स अन् सिंथेटिक ट्रॅक आहे त्यांनी वरवर वाचलं तरी चालेल.

आमच्याकडे स्टार्टिंग ब्लॉकच नाहीत, मग शिकवायचं कसं?

खड्डे खणा. यात लाजायचं काही नाही, ब्लॉक यायच्या आधी सगळं जग असंच पळायचं, जेसी ओवेन्सनं १९३६ ला बर्लिनमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं तेव्हा धावपटू स्वतःच छोटं खुरपं घेऊन पाय रोवायला खड्डे करायचे. ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले ते थेट १९४८ ला.

फक्त खड्डा म्हणजे खळगा नव्हे. पायाला टेकायला मागची भिंत लागते, ती तिरपी पाहिजे अन् घट्ट पाहिजे. मुरमात सब्बलीनं हे बरोबर होतं, काळ्या मातीत उन्हाळ्यात भिंत भुगा होऊन ढासळते अन् पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून स्टार्टची जागा मुरमावरच ठेवा, पुढचं पळणं कुठंही होऊ द्या.

आम्ही नंतर गावच्या सुताराकडून बाभळीच्या फळीवर दोन पाचरी ठोकून घेतल्या, पुढची जरा जास्त झोपलेली अन् मागची जास्त उभी, फळीच्या दोन्ही टोकांना भोकं अन् त्यातून लांब खिळे जमिनीत. हलते ती अधूनमधून, मग एक पोट्टा मागून पाय देऊन उभा राहतो. विटा ठेवू नका, वीट सरकली की पोरगं तोंडावर पडते.

कोणता पाय पुढे ठेवायचा?

पोरग्याला सरळ उभं करा, डोळे समोर, अन् न सांगता मागून हलकंच ढकला, जो पाय आधी पुढे पडतो तो बहुतेक वेळा मागच्या पाचरीवरचा पाय निघतो, म्हणजे दुसरा पाय पुढे. कबड्डी खेळणारे असतील तर उडी कोणत्या पायावरून घेतात ते बघा, तो ताकदीचा पाय पुढच्या पाचरीवर. पण ही चाचणी काही दगडावरची रेघ नाही. दोन्ही बाजूंनी पाच-पाच स्टार्ट करून घ्या, ज्यात पोरगं अडखळत नाही ती बाजू पक्की करा अन् मग दर आठवड्याला बदलत बसू नका.

रेषेपासून पाय किती मागे?

टेप नसला तरी चालतं, पोरग्याचं स्वतःचं पाऊल हेच माप. रेषेपासून मागे दोन पावलं मोजा (टाचेला बोट लावून), तिथं पुढच्या पायाची पाचर. आणखी एक पाऊल मागे, तिथं मागच्या पायाची. म्हणजे २ अन् ३. ज्याचं पाऊल २३ सेंटीमीटर त्याचं ४६ अन् ६९ झालं.

ही सुरुवात आहे, शेवट नाही. लांब टांगांच्या पोरग्याला याच मापात गुडघे छातीत घुसल्यासारखे वाटतात, त्याला दोन्ही पाचरी दोन-तीन बोटं मागे घ्या. आखूड टांगांच्या पोरीला पाय ताणल्यासारखे होतात, तिला पुढे. माप बरोबर की चूक हे जमिनीवर ठरत नाही, सेटमध्ये, म्हणजे "सेट" म्हटल्यावर कंबर उचलून थांबायचं तेव्हा, गुडघ्याचा कोन काय येतो त्यावर ठरतं, अन् तेच पुढे सांगतो.

सेटमध्ये कंबर किती वर? कोणी म्हणते खूप वर, कोणी म्हणते खांद्याएवढी.

खांद्यापेक्षा थोडी वर. पण कंबर बघून शिकवू नका, गुडघे बघून शिकवा, कारण कंबर ही गुडघ्यांच्या कोनातून आपोआप ठरते.

पुढच्या पायाचा गुडघा साधारण ९० अंश. मागच्या पायाचा १२० ते १३०. हे अंश-बिंश पोट्ट्यांना कळत नाहीत म्हणून मी घड्याळ सांगतो : पुढच्या पायाचे तीन वाजले पाहिजेत अन् मागच्या पायाचे चार, पाय त्याहून जरा जास्त उघडला तरी चालेल. तीन वाजता काट्यांमध्ये बरोबर ९० अंश असतात अन् चार वाजता १२०, सहावीच्या पोरग्यालाही समजते. तपासायला कंपासपेटीतला गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचा काटकोन पुरतो. पोरगं सेटमध्ये थांबलं की बाजूला उकिडवं बसा अन् पुठ्ठ्याचा कोपरा गुडघ्याच्या मागच्या बाजूनं धरून बघा. मोबाईलवर बाजूनं फोटो काढला तर आणखी चांगलं, फक्त मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरा, उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत कोन खोटा दिसतो.

हेच कोन काहून? पाय जास्त मिटलेला असला (पुढचा गुडघा ७० अंशावर गेला समजा) तर तो उघडायला ताकद फार लागते, नवशिक्याच्या मांडीत ती नसते, मग तो पुढे जायच्या ऐवजी आधी वर उठतो अन् नंतर पळतो. पाय जास्त सरळ असला तर ढकलायला काही उरतच नाही, पाय आधीच उघडलेला, बंदूक वाजली की नुसता पुढे पडतो. ९० अन् १२० च्या आसपास पायात ढकलायला जागाही राहते अन् ते नवशिक्याला पेलवतेही. जो पोट्टा अंगानं बारीक आहे, पायात दम कमी आहे, त्याची कंबर आणखी थोडी वर ठेवा, पुढचा गुडघा १०० ते ११० पर्यंत उघडू द्या, त्याला ९० वर दाबून बसवलं तर तो तिथून उठूच शकत नाही. टीव्हीवर दिसणारे मोठे धावपटू खाली दिसतात कारण त्यांच्या पायात ती ताकद आहे, आपण त्यांचा फोटो पाहून सातवीच्या पोरग्याला तसंच बसवायचं नाही.

हातावर वजन किती द्यायचं?

अंगठा अन् बोटांचा कमानीसारखा पूल करायचा, रेषेच्या मागे, रेषेला बोट लागलं की नियमात चूक. हात खांद्याएवढ्या अंतरावर किंवा किंचित जास्त, कोपर सरळ. सेट म्हटल्यावर खांदे हाताच्या जरासे पुढे येतात, किती, तर दोन-चार बोटं.

ओळखायची खूण : बोटांची नखं पांढरीफटक पडली, हात थरथरले, तर वजन फार पुढे गेलं. उलट, पोरगं सेटमध्ये एक हात उचलून आरामात नाक खाजवू शकत असेल तर ते मागे बसून राहिलं आहे. हात उचलला की लगेच पाऊल टाकावंच लागेल असं वाटलं पाहिजे, पण तोंडावर पडायला नको.

मान कुठे? समोर बघायचं का?

नाही. समोरचं शेवटचं टोक बघायला गेलं की मान वर होते, मानेमागे पाठ वाकते, अन् पाठीमागे कंबर खाली जाते. नजर रेषेच्या थोडं पुढे जमिनीवर, मान पाठीच्या रेषेत. मी रेषेपुढं अर्धा मीटरवर एक कापसाचं बोंड ठेवतो, त्याकडे बघ म्हणतो, बास.

सर, सेट तर बरोबर दिसतो पण बंदूक वाजली की पोरगी एकदम उभी राहते. काय करू?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे. यावर सहसा सांगतात "खाली राहा, खाली राहा" असं ओरडा. ओरडून काही होत नाही, उलट पोरगी मान खाली घालून कंबरेत वाकून पळते, ते उभं राहण्यापेक्षा वाईट. माझं मत असं की दहापैकी आठ वेळा चूक पहिल्या पावलात नसतेच, ती सेटमध्ये असते, पावलात ती फक्त दिसते.

एक केस सविस्तर सांगतो. नववीतली पोरगी, शाळेत १०० मीटरला पहिली यायची पण पहिले दहा मीटर नेहमी सगळ्यांच्या मागे. माझ्याकडे आली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं होतं की रेषेला जितकं जवळ तितकं अंतर कमी, म्हणून पुढचा पाय एकच पाऊल मागे. मी घड्याळ हातात घेतलंच नाही. हातातल्या स्टॉपवॉचनं दहा मीटरचा वेळ मोजायचा म्हणजे आपल्या अंगठ्याची चूकच पोरीच्या सुधारणेपेक्षा मोठी असते. त्याऐवजी रेषेपुढचा पाच मीटरचा पट्टा पंजानं ओरबाडून घेतला, वर बादलीभर पाणी शिंपडलं, अन् तिला अनवाणी स्टार्ट करायला लावलं. ठसे खोटं बोलत नाहीत.

पहिला ठसा रेषेच्या पुढे जेमतेम २० सेंटीमीटर, अन् त्यात टाचेसकट पूर्ण पाऊल उमटलेलं. दुसरा एकदम लांब, त्यात टाच पुढच्या बाजूनं खोल रुतलेली, म्हणजे पाय शरीराच्या पुढे टाकून तिनं स्वतःलाच ब्रेक मारला होता. पुठ्ठा लावून बघितलं तर सेटमध्ये पुढचा गुडघा काटकोनापेक्षा बराच मिटलेला, कंबर खांद्याच्याही खाली. मागचा पाय पाचरीवर नुसता ठेवलेला, दाबलेला नाही.

आता यात गोष्टीची साखळी बघा. पाय रेषेच्या फार जवळ, म्हणून गुडघा फार मिटला. गुडघा मिटला म्हणून उघडायला जोर वर गेला. जोर वर गेला म्हणून ती उभी झाली अन् पहिलं पाऊल आखूड पडलं. आखूड पडलं म्हणून ती भरपाई करायला दुसरं पाऊल लांब टाकायला गेली अन् टाचेवर आपटली. तिला "खाली राहा" म्हणून या साखळीतली एकही कडी सुटली नसती.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या, एका दिवसात एकच. पहिल्या दिवशी पाचरी मागे, तिच्या पावलाच्या मापानं ४६ अन् ६९ सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी कंबर, तीन अन् चार वाजेपर्यंत वर. तिला पहिल्यांदा वाटलं आपण तोंडावरच पडून राहिलो, "सर, मले भेव वाटून राहिलं" म्हणाली, तर दोन दिवस नुसतं सेटमध्ये जाऊन दोन सेकंद थांबून परत खाली बसायचं, पळायचं नाही. मग तिसरी गोष्ट, मागचा पाय. तिच्या मागच्या टाचेमागे मी माझा तळहात धरला अन् सेटमध्ये सांगितलं की माझा हात मागे ढकल. मागच्या पायातही जोर असतो हे तिला तेव्हा कळलं.

आठव्या दिवशी परत पाणी शिंपडलं. पहिला ठसा रेषेपुढे ४२ सेंटीमीटर, फक्त चवड्याचा, मागच्या बाजूची माती उडालेली. तिथून पुढचा ९५ वर, मग १०४, मग ११२. पाऊल हळूहळू वाढतंय, कुठं एकदम उडी नाही, टाच कुठं रुतलेली नाही. उभं राहणं गेलं होतं अन् त्याबद्दल मी तिला एक शब्द बोललो नव्हतो.

मग पहिल्या पावलांबद्दल काहीच शिकवायचं नाही का?

शिकवायचं, पण थोडं. बंदूक वाजली की दोन्ही पाय ढकलतात, मागचा पाय आधी सुटतो, पुढचा पाय जास्त वेळ ढकलत राहतो अन् पूर्ण सरळ होऊनच सुटतो. पोरग्यांना मी एवढंच सांगतो : "पुढचा पाय पाचरीवरून पळवू नको, पाचर मागे लोट." मागचा पाय पुढे येताना जमिनीच्या जवळून येऊ द्यायचा, टाच ढुंगणाला लावायला वर उचलायची नाही, ते पुढे वेग आल्यावर. पाय पडतो तो चवड्यावर, कंबरेच्या खाली किंवा जरा मागे, नडगी पुढे झुकलेली.

हात विरुद्ध. डावा पाय पुढच्या पाचरीवर असेल तर उजवा गुडघा पुढे येतो, त्यासोबत डावा हात जोरात पुढे, उजवा हात मागे. नवशिके दोन्ही हात एकदम उचलतात, पतंग सोडल्यासारखे. यावर उपाय म्हणजे सावकाश करून घेणं : सेट, मग नुसता पहिला हावभाव करून तिथंच थांब, परत खाली. पंधरावीस वेळा केलं की अंगात बसते.

शरीराचा कोन ४५ अंश आला पाहिजे असं ऐकलं, ते खरं का?

मोठे धावपटू पाचर सोडताना पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एका तिरप्या रेषेत असतात अन् ती रेषा ४५ अंशांच्या आसपास येते, खरं आहे. पण तो कोन मिळतो जोरातून, वाकण्यातून नाही. नवशिक्याला ४५ वर पळवायला गेलात तर तिसऱ्या पावलाला गुडघ्यावर येईल. थोडा उभा कोन आला तर येऊ द्या, फक्त ती रेषा सरळ आहे का बघा : टाच, कंबर, खांदा, कान. कंबरेत घडी पडली असेल, म्हणजे छाती खाली अन् ढुंगण मागे, तर तो कोन फोटोत ४५ दिसूनही कामाचा नाही.

अन् खाली कुठपर्यंत राहायचं? मोठे लोक तीस मीटर किंवा त्याहून पुढे हळूहळू उठत जातात कारण त्यांचा वेग तोपर्यंत वाढत असतो. आपल्या आठवीच्या पोरग्याचा वेग त्याच्या आधीच वाढायचा थांबतो, तो दहा-पंधरा मीटरला सरळ झाला तरी बरोबरच आहे. तीस मीटर मान खाली घालून पळणारे पोट्टे मी पाहिलेत, त्यातला एक शेजारच्या लेनमध्ये घुसून दुसऱ्याला घेऊन पडला.

पोरगं क्राउचपेक्षा उभ्या स्टार्टनंच जास्त जोरात निघते. मग कशाला त्रास?

लहान पोट्ट्यांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे, अन् मी पाचवी-सहावीला क्राउच शिकवतच नाही. उभ्या स्टार्टवरून, मग एक हात जमिनीला टेकून, असं महिना-दोन महिने नेतो, मग दोन्ही हात. पण नियमाच्या स्पर्धेत ४०० मीटरपर्यंत क्राउच स्टार्ट सक्तीचा आहे, म्हणून पुढे जाणाऱ्याला शिकावंच लागते. पोलीस भरतीवाल्या पोरांनी मात्र आपल्या मैदानावर कसा स्टार्ट देतात ते आधी विचारून घ्या अन् तसाच सराव करा, ब्लॉक नसलेल्या ठिकाणी ब्लॉकची सवय घेऊन गेलात तर काही उपयोग नाही.

फॉल्स स्टार्ट फार होतात.

बहुतेक आपल्यामुळेच होतात. आपण दरवेळी "सेट" म्हणून एक-दोन मोजतो अन् टाळी वाजवतो, पोट्टे टाळी ऐकत नाहीत, मोजतात. सरावात अंतर बदलत राहा, कधी एक सेकंद, कधी तीन, अन् कधी वाजवूच नका, "उठा" म्हणा. अन् ते "गेट सेट गो" बंद करा, स्पर्धेत "गो" कोणी म्हणत नाही, ऑन युअर मार्क, सेट, अन् आवाज. दोन लाकडी पट्ट्या आपटल्या की बंदुकीच्या जवळचा आवाज येतो. नियमात २०१० पासून पहिलाच फॉल्स स्टार्ट झाला की बाद, २०११ च्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या फायनलला उसेन बोल्टसुद्धा असाच बाद झाला होता. शाळेच्या स्पर्धेत पंच एखादी सूट देतात, पण धरून चालू नका.

एका दिवशी किती स्टार्ट करून घ्यायचे?

पूर्ण जोराचे सहा ते आठ, मध्ये दोन-तीन मिनिटं आराम. नुसतं सेटमध्ये जाऊन येणं वेगळं, ते मोजू नका. नवव्या-दहाव्या स्टार्टला कंबर खाली यायला लागते अन् मग पोरगं चुकीचंच पाठ करते. दिवसाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर, दमायच्या आधी. सोळाशे मीटर पळवून आणल्यावर स्टार्ट घेणाऱ्या सरांना काय म्हणावं बाप्पा.

मुरमावर बोटं सोलून निघतात, पोट्टे हात नीट ठेवतच नाहीत.

हातांच्या जागेवर खताच्या रिकाम्या पोत्याची दुहेरी पट्टी अंथरा अन् तिच्या दोन्ही टोकांवर मूठभर माती टाका म्हणजे सरकत नाही. स्पर्धेच्या आठ दिवस आधी पट्टी काढा, नाहीतर तिथं गेल्यावर खडे टोचले की पोरगं हात उचलून झटकते अन् तेवढ्यात सेट होऊन जाते.